गोणपाटी रंगाची लोकर

नोकरीत मी उभा जन्म रंग निवडले, पण वायरींचे. सरकारी कारखान्यात यंत्रांच्या पोटात वायरींची जाडजूड जुडगी जातात, त्यातल्या कुठल्या वायरीला कुठला रंग द्यायचा हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक. त्या कामातलं तत्त्व सोपं. शेजारच्या दोन वायरी एकमेकींसारख्या दिसता कामा नयेत. प्रत्येकीने लांबून ओरडून सांगितलं पाहिजे, मी ही, ती नव्हे. मिळमिळीत रंगाची वायर म्हणजे उद्याचा अपघात. या तत्त्वावर मला पगार मिळाला, बढत्या मिळाल्या आणि निवृत्तीच्या दिवशी शालही मिळाली. रंगांमधलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत झाली, ती तिथून.

ही समजूत घेऊन मी घरी बसलो. घर बंगळुरूला, बनशंकरीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि घरात बायको विणत असलेली.

ती पहिल्यापासून विणते. पण त्या वर्षी विणत होती ते साधं नव्हतं. माझी मोठी बहीण नाशिकचं घर बंद करून आमच्याकडे कायमची राहायला येणार होती. ताई मुलींच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींना अजूनही स्वप्नात ती दिसते म्हणतात. आमच्या लग्नापासून तिने बायकोच्या प्रत्येक गोष्टीत एक बारीकशी खोट काढलेली. पुरणात जायफळ अंमळ जास्त. रांगोळीची एक रेघ जाड. स्वेटर छान, पण गळा जरा. तो 'जरा' बायकोने तेव्हापासून जपून ठेवलेला आहे. दिवाळीत चार दिवस येणारी नणंद वेगळी आणि शेजारच्या खोलीत कायमची राहणारी वेगळी, हे मला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

"त्या येतील तेव्हा पलंगावर माझ्या हातचं काहीतरी असू दे," ती म्हणाली. "घर आवरून येणाऱ्या माणसाला आपल्यासाठी काही केलंय असं वाटलं पाहिजे. आणि त्यात त्यांना 'जरा' म्हणायला जागा नको."

म्हणून पट्ट्यांचं पांघरूण. विणायला अगदी साधं, प्रत्येक ओळ सुलट. सगळी परीक्षा रंगांची.

हे रंग तिने कसे ठरवले ते मी रोज बघत होतो, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर ती लोकर गुंडाळायची. जो पट्टा रुंद येणार त्याचे वेढे जास्त, अरुंद येणार त्याचे कमी, म्हणजे बोटभर पुठ्ठ्यावर अख्खं पांघरूण दिसतं. मग तो पुठ्ठा खिडकीत. सकाळच्या उन्हात बघायचा, दुपारी बघायचा, ट्यूबलाइट लावून बघायचा. डोळे बारीक करून लांबून बघायचा. एखादा पट्टा टोचला की सोडून पुन्हा गुंडाळायचा. वांगी रंग सगळ्यांत गडद, तो रुंद. मोरपिशी मध्यम. मोहरीचा पिवळा भडक म्हणून चिमूटभर. आणि दर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक रंग, ज्याला नाव नाही. धड करडा नाही, धड मातकट नाही. मी त्याला गोणपाट म्हणायचो.

"अहो, कसं दिसतंय?" ती विचारायची.

"फर्स्ट क्लास," मी म्हणायचो. वर्तमानपत्रातून मान काढली तर.

पण मनात मला तो गोणपाट खुपत होता. इतके सुंदर रंग, आणि त्यांच्या मधोमध हे पोतं कशाला? एकदा मी तसं बोललोही. ती म्हणाली, "तो आहे म्हणून बाकीचे एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. त्याच्यात थोडं वांगी आहे, थोडं पिवळं आहे. तो सगळ्यांशी बोलतो." मी हसलो. म्हटलं, बायका लोकरीलाही बोलायला लावतात.

पुढे जे झालं ते त्या हसण्यातून झालं.

वांगी, मोरपिशी, मोहरी पुरेशी आणलेली होती. गोणपाटाचा मात्र नमुन्याला एकच गुंडा. मला चष्म्याच्या कामाने शिवाजीनगरला जायचं होतं आणि लोकरीचं तिचं नेहमीचं दुकान तिथूनच जवळ. तिने माझ्या हातात लोकरीचा तुकडा आणि गुंड्यावरचा कागदाचा पट्टा दिला.

"हाच रंग. आणि यावरचा लॉट नंबर बघून घ्या, सगळे गुंडे याच लॉटचे पाहिजेत. एका वेळी रंगवलेली लोकर एकसारखी असते, पुढच्या वेळची सूतभर वेगळी. रात्री कळत नाही, सकाळी पलंगावर पट्टा दोन रंगांचा दिसतो. समजलं?"

"मी वायरी हाताळल्यात," मी म्हणालो.

दुकान म्हणजे एक बोगदा. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोकर आणि वर पांढरेशुभ्र दिवे. दुकानदाराने वरच्या फळीवरून एक पिशवी काढली, धूळ झटकली. लॉट तोच. रंग तोच. त्या दिव्यांत तो आणखीच मेलेला दिसत होता. आणि त्याच्याच शेजारी काउंटरवर राणी रंगाचे गुंडे रचून ठेवलेले. काय सांगू! दिव्याखाली नुसते पेटले होते. मी फळीवरचा एक मोरपिशी गुंडा, बायकोकडे होता तसलाच, त्याला लावून पाहिला. दोघेही ओरडत होते, मी हा, तो नव्हे. माझ्या हाडात मुरलेलं सगळं शिक्षण जागं झालं.

"ये बहुत डल है," मी गोणपाटाकडे बोट दाखवून म्हणालो. "ये नहीं, वो दे दो."

"सार, अक्काने ये मंगाया ना?" दुकानदार. माझ्या बायकोला तो अक्का म्हणायचा.

"अक्का को मैं समझा देगा."

समजावलं मात्र नाही. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की बायकोला 'तुझा रंग मला आवडला नाही' असं सांगायचं तर तिचे कित्येक दिवसांचे पुठ्ठे, खिडकी, ऊन, सगळं मधे येतं आणि मला उत्तर नाही. त्यापेक्षा सोपी वाट होती. तिनेच मला शिकवलेली.

"लॉट संपला म्हणाला," मी घरात शिरता शिरता सांगितलं. "रंगच बंद झालाय. म्हणून मग मी जरा बरा दिसेल असा आणला."

तिने पिशवीत पाहिलं. एक गुंडा काढून खिडकीपाशी नेला.

"राणी?"

"उठाव येईल."

ताई यायला फार दिवस उरले नव्हते. बायकोने नवा पुठ्ठा घेतला, गोणपाटाच्या जागी राणी गुंडाळला, खिडकीत ठेवला. सोडला. पट्टा अरुंद करून गुंडाळला. पुन्हा सोडला. राणी मोहरीच्या शेजारी ठेवला तर दोघे भांडत, मोरपिशीच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांसमोर थरथरल्यासारखं होई. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. ती पुटपुटायची ते ऐकलेलं सांगतोय.

"अहो, खरं सांगा, कसं दिसतंय?"

"फर्स्ट क्लास."

"त्या काय म्हणतील?"

"ताई? ताई खूश होईल. तिला रंग कळतात."

या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण माझ्या तोंडून निघालेल्या कितीतरी वाक्यांपैकी नेमकं यावर तिने विश्वास ठेवला. विणायला घेतलं.

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीतल्या बायका गच्चीवर विणायला बसतात. तळमजल्यावरच्या अक्का त्यातल्या जुन्या, मराठी असून तीन पिढ्या इथल्या. त्यांनी अर्धं झालेलं पांघरूण मांडीवर पसरलं, मान तिरकी केली.

"वीण छान हं. गुलाबी स्वल्प उठून दिसतंय," त्या म्हणाल्या.

मी वाळत घातलेल्या पापडांकडे बघण्याच्या मिषाने तिथेच घोटाळत होतो. मला वाटलं, झाली वाहवा. खाली आल्यावर मी बायकोला म्हणालोही, "बघ, अक्कासुद्धा म्हणाल्या, उठून दिसतंय."

"पट्ट्यांमध्ये एकाने उठून दिसणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं का?" ती एवढंच म्हणाली आणि सुया उचलल्या.

ताई आली संध्याकाळी. दोन बॅगा, एक पितळी डबा, आणि चेहरा असा की मोठं घर एवढ्यात कसं मावलं याचं तिचं तिलाच नवल वाटत असावं. चहा झाला. बायकोने तिला खोली दाखवली. पलंगावर पांघरूण घातलं होतं, कडा सरळ, एकही सुरकुती नाही. बायको दारात उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आमच्या लग्नातसुद्धा मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

ताईने चष्मा लावला. पांघरुणाचं एक टोक उचललं, उलटी बाजू पाहिली, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"माझ्यासाठी केलंस?"

"हो वन्सं."

"टाके किती सारखे आहेत गं. कुठे ताण नाही, कुठे ढिलाई नाही." ती दोन पावलं मागे गेली. डोळे बारीक केले. मी बायकोच्या मागे उभा राहून सगळं बघत होतो. "आणि हे... हे गुलाबी कोणाच्या डोक्यातून निघालं?"

आता इथे काय व्हायला हवं होतं ते शाळेतलं पोरही सांगेल. बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. तिला अजून खरी गोष्ट ठाऊकच नव्हती, तिच्या लेखी तो लॉट खरंच संपला होता. तिची नजर एवढंच म्हणत होती, की आता तुम्ही सांगा ना, तुम्ही आणलात.

आणि मी, साठी उलटलेला, नातवंडं असलेला माणूस, माझ्या थोरल्या बहिणीच्या बारीक केलेल्या डोळ्यांसमोर उभा राहून म्हणालो,

"रंगांची हौस हिलाच आहे ना."

ताई "हं" म्हणाली. फक्त हं. मग जरा मऊ आवाजात, "नजर ठरत नाही गं यावर. वीण इतकी सुंदर, पण नजरच ठरत नाही."

'जरा' नव्हता. 'जरा' परवडला असता.

बायको "पोळ्या टाकते" म्हणून आत गेली. पोळ्या झालेल्या होत्या.

ताईने पांघरुणाची नीट घडी केली, अगदी आदराने, आणि खुर्चीवर ठेवली. स्वतःच्या बॅगेतून आपली जुनी चादर काढली.

सकाळी मी उठलो तेव्हा दोघी खिडकीपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या. बायको सांगत होती, "...तसं नव्हतं करायचं, वन्सं. मधला रंग वेगळा होता. तो लॉट संपला, मग हा मिळाला. हे बघा, हा पहिला पुठ्ठा."

पुठ्ठा! तो तिने टाकला नव्हता. ताईच्या हातात तो होता आणि सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं होतं. मीही लांबून पाहिला, बहुधा पहिल्यांदाच. वांगी शांत बसला होता. मोरपिशी त्याच्या शेजारी, मोहरीची बारीक रेघ मधूनच हसल्यासारखी, आणि मधला तो गोणपाट दिसतच नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्याकडे लक्ष जात नव्हतं, बाकीचे रंग मात्र त्याच्यामुळेच खोल वाटत होते. बायकोने मोबाइलवर पुठ्ठ्याचा फोटो काढला, काळा-पांढरा करून ताईला दाखवला. गडद, मध्यम, फिकट, प्रत्येक पट्टा वेगळा. मग पांघरुणाचा तसाच काढला. राणी आणि मोरपिशी एकाच करड्या रंगाचे झाले होते. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, कळेना.

माझे दोन्ही ओरडणारे वीर. दोघांचा आवाज एकाच पट्टीतला.

"हे तू ठरवलं होतंस?" ताईने पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहून विचारलं. "हे?"

"हो."

"मी वर्गात मुलींना वर्षभर सांगायचे, तरी एकीला जमायचं नाही हे." ताई पुठ्ठा खाली ठेवेना. "चल. मला ते दुकान दाखव. त्या लॉटचा नाही तर दुसऱ्या लॉटचा सगळाच घेऊ. पट्टे उसवायचे आणि हाच घालायचा."

"आज?" मी मध्ये पडलो. "आज कशाला? आज शिवाजीनगरला फार गर्दी असते."

"दुकानात गर्दीच असते," ताई म्हणाली.

"रंगच बंद झालाय म्हणाला तो. उगाच हेलपाटा."

"फिरून येऊ. मला गाव तरी दिसेल."

"तू कालच आलीस, दमली असशील. आणि मेट्रोच्या जिन्यांनी तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझे मी बघीन. तू येऊ नकोस."

पण गेल्याशिवाय कसं चालेल? दुकानात आधी शिरून दुकानदाराला डोळ्याने काही खुणावता येईल, अशी एक शेवटची लबाड आशा मनात होती. रिक्षात मी पुढे चालकाच्या शेजारी अंग चोरून बसलो. मागे दोघी नाशिकच्या थंडीबद्दल बोलत होत्या. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मी मनातून विनवत होतो, हिरवा होऊ नकोस. बंगळुरूचे सिग्नल, एरवी तासन्‌तास लाल राहणारे, त्या दिवशी एकामागून एक हिरवे.

खुणावायला वेळच मिळाला नाही. दुकानदाराने बायकोला पाहिलं आणि तोंडभर हसला.

"बा अक्का! ब्लँकेट आयता?" झालं का पांघरूण, असं तो विचारत होता.

बायकोने पर्समधून गोणपाटाचा तुकडा काढून हा रंग आहे का म्हणून विचारलं. "अण्णा, ई बण्णा इदेया?"

"इदे, इदे." आहे, आहे म्हणत तो स्टुलावर चढला. वरची फळी. तीच पिशवी. धूळ पुन्हा साचली होती, ती त्याने पुन्हा झटकली. "पूरा है अक्का, आपका ही लॉट. ये कलर कोई नहीं लेता, इधर ही पड़ा था. उस दिन सारको भी दिखाया. सार बोला, बहुत डल है."

माणूस वाईट नव्हता. आपल्याकडे माल आहे याचा त्याला फक्त आनंद झाला होता.

त्या बोगद्यात मी कुठे बघावं? दोन्ही बाजूंना लोकर, वर दिवे. मी राणी रंगाच्या गुंड्यांकडे पाहिलं. ते अजून पेटलेलेच होते.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला बघण्याची गरजच नव्हती. ती म्हणाली, "अरे, निदान काल तरी," आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

बायकोने पिशवी उघडली. एकेक गुंडा हातात घेऊन कागदावरचा लॉट नंबर वाचला. शांतपणे, एकही न वगळता. मग "सरी", म्हणजे ठीक, म्हणाली आणि पैसे दिले. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती ताईच्या हातात दिली.

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. ती माझ्याशी बोलली ते तेवढंच.

"लॉट संपला म्हणालात, ते एक वेळ मी हसून सोडलं असतं. माणसाला एखादा रंग नाही आवडत. पण काल त्यांच्यासमोर 'हिलाच हौस' म्हणालात. मी रात्रभर विचार करत होते, की माझी नजर कधीपासून गेली."

मी हात करून रिक्षा थांबवली. 

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर पांघरूण पसरलं. मला वाटलं होतं, उसवणार म्हणजे एका टोकापासून सगळं ओढून काढणार आणि पुन्हा पहिल्यापासून विणणार. म्हटलं, महिना तरी जाईल, तेवढ्यात सगळं शांत होईल. पण बायकोने कात्री आणली.

"अगं, कापतेस काय!"

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलं, आणि ते माझ्यावर झालं होतं.

राणी पट्ट्याला लागून असलेल्या वरच्या ओळीतले टाके बायकोने एका लांब सुईवर उचलून घेतले, खालच्या ओळीतले ताईने दुसऱ्या सुईवर. मग मधल्या गुलाबीतला एकच टाका कापला आणि धागा हळूहळू बाहेर ओढला. पांघरूण दोन तुकडे होऊन वेगळं झालं, दोन्हीकडचे टाके सुयांवर उघडे. त्यातला एक निसटला असता तर खालपर्यंत ओघळत गेला असता. दोघी श्वास धरून होत्या. मीही दारात उभा राहून धरला होता, कोणी न सांगता. मग ताईने खालच्या तुकड्यावर गोणपाट विणायला घेतला आणि बायकोने पुढचा पट्टा सोडवायला.

असे पट्टे बरेच होते. कितीतरी दुपारी गेल्या. विणलेला गोणपाट वरच्या तुकड्याला जोडायचा तर बोथट सुईत लोकर ओवून टाक्याला टाका, विणीचीच ओळ वाटेल असा, शिवत जायचं. ताईचे डोळे थकायचे, मग बायको जोडायची आणि ताई पुढे विणायची. मधूनच "इथे जरा ओढलंस" ऐकू यायचं, पण आता ते दोन्ही बाजूंनी. एकदा बायको ताईला म्हणाली, "वन्सं, तुमची ओळ जरा सैल पडते." मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, गाळणं हातात तसंच राहिलं. आता काय होणार? ताई म्हणाली, "पडते खरी. दे, उसवते."

मला काम दिलं होतं गुलाबीचं. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लड करायची, पाण्यात बुडवायची आणि सरळ व्हावी म्हणून खाली वजन बांधून टांगायची. गच्चीवर ती राणी रंगाची लड आठवडाभर टपटप गळत होती, सगळ्या इमारतीला दिसेल अशी. शनिवारी अक्कांनी विचारलं, "हे कशाला काढलं?" मी म्हणालो, "उठून दिसत होतं." त्या एवढ्या हसल्या की मला कळलं, गोष्ट माझ्याआधी गच्चीवर पोचलेली आहे.

शेवटचा पट्टा जोडून झाला त्या दिवशी दुपार होती. दोघींनी पांघरूण पलंगावर पसरलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि पट्टे एकाला लागून एक, कोणी कोणाच्या अंगावर न जाता, निवांत पडले होते. नजर त्यांवरून फिरत फिरत दुसऱ्या टोकाला जायची आणि मध्ये कुठे अडखळायची नाही. ताईने बराच वेळ पाहिलं. मग भर दुपारी, बंगळुरूच्या त्या उबदार हवेत, गळ्यापर्यंत ते ओढून घेऊन झोपली.

बायको बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. ती स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला नका सांगू. मला कळलं ते दुकानात. त्यांना सांगा."

"तिला माहीत आहे की सगळं. तिच्यासमोरच तर झालं."

"माहीत आहे. पण तुम्ही सांगितलेलं नाही. रंगांची हौस माझी, हे तुमच्या तोंडचं आहे. ते तुमच्याच तोंडून परत घेतलं पाहिजे."

मी ताईच्या खोलीत गेलो. ती डोळे मिटून पडली होती, हात पांघरुणाबाहेर. एका क्षणी वाटलं, झोपली असेल तर बरं. पण मी उभा राहिलो, लहानपणी तिची शाई सांडल्यावर उभा राहायचो तसा.

"ताई. तो गुलाबी मी आणला होता. तिने सांगितलेला रंग दुकानात होता, मी तो नाकारला आणि तिच्याशी खोटं बोललो. मग तू विचारलंस तेव्हा तिच्या नावावर घातला. तिचा रंग हा आहे. तू पांघरला आहेस तो."

ताईने डोळे उघडले नाहीत.

"ऐकलं," ती म्हणाली. "तिला म्हणावं, माझ्या खोलीला पडदे नाहीत. कापड तिनेच निवडायचं. आता तू जा, आणि ते खिडकीचं दार लोट. ऊन डोळ्यांवर येतंय."

मी दार लोटलं.